मेसेजचं पत्र करायचंय? आधी आजीचे प्रश्न लिहून काढ

"ताई, माझे आजी-आजोबा खूप लांब राहतात, वर्षातून एखादी भेट होते. आजोबांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू आहे, आजीला फोनवरचं बारीक वाचवत नाही, मग माझे मेसेज दुसरं कोणीतरी त्यांना वाचून दाखवतं आणि ते नुसतं 'बरं बरं' म्हणतात. परवा आजी म्हणाली कागदावर लिहून पाठव, आम्ही निवांत वाचू. मी बसले लिहायला, पण माझ्याकडून मेसेजसारखंच उतरतं आणि नीट लिहायला गेले की शाळेतला निबंध होतो. हे बघा काय लिहिलंय:

'हाय आजी आजोबा!! सॉरी खूप दिवस रिप्लाय नाही केला, फुल बिझी होते. नवीन रूमवर शिफ्ट झाले, रूमी मस्त आहे. जॉब ओके ओके, डेडलाईन्समुळे वाट लागलीये. मध्ये ताप आला होता पण आता चिल. आजोबा तुमचं घड्याळ बंद पडलं 😭 दुरुस्त करून घेते. पुढच्या महिन्यात यायचं बघतेय, फिक्स नाही. मिस यू सो मच, टेक केअर 😘'

याचं पत्र कसं करू? — एक नात"

अगं, तुझ्या मेसेजमध्ये सांगण्यासारखं सगळं आहे, एकही गोष्ट फालतू नाहीये, त्यामुळे नवीन काही सुचायची वाट बघत बसू नकोस. अडचण वेगळी आहे. मेसेज लिहिताना आपण अर्धंच लिहितो कारण समोरचा लगेच उलट विचारू शकतो, "ताप? कधी?" असं आलं की आपण उत्तर देतो आणि दोघांचं मिळून बोलणं पूर्ण होतं. कागदावर तसं होत नाही. आजीला प्रश्न पडला तर तिला तो मनात ठेवूनच पुढची ओळ वाचावी लागते, आणि तुझं उत्तर मिळायला पुढचं पत्र किंवा पुढचा फोन उजाडतो. मेसेजचं पत्र करणं म्हणजे तुझं अर्धं बोलणं तूच पूर्ण करणं, ते जे विचारणार ते आधीच ओळखून लिहिणं. भाषा गोड करायची गरज नाही, ती त्यातून आपोआप होते.

म्हणून असं कर. एका रफ कागदावर मेसेजचं एकेक वाक्य वेगळ्या ओळीवर लिही, दोन ओळींमध्ये भरपूर जागा सोड, आणि प्रत्येकाखाली आजी जे विचारेल ते तिच्याच बोलण्यात लिही. "नवीन रूमवर शिफ्ट झाले" याच्याखाली काय येईल? का गं सोडली जुनी, काही भांडण झालं का? कुठल्या मजल्यावर आहे? उजेड येतो का? रात्री येताना रस्त्यावर माणसं असतात का? "रूमी मस्त आहे" याच्याखाली: म्हणजे कोण? काय करते? चांगल्या घरातली आहे ना? हे प्रश्न तुला आत्तासुद्धा तिच्या आवाजात ऐकू येत असतील. आजोबांचे वेगळे असतील, ते भाडं आणि ऑफिसचं अंतर विचारतील. सगळ्यांची उत्तरं द्यायची नाहीत, नाहीतर चौकशीचा फॉर्म भरल्यासारखं होईल, प्रत्येक गोष्टीतले जे दोन-तीन प्रश्न त्यांना रात्री झोपताना आठवतील तेवढ्यांची दे.

तापाच्या वाक्यावर मात्र जरा थांबूया, कारण तुझ्या मेसेजमधलं सगळ्यात धोक्याचं वाक्य तेच आहे. "मध्ये ताप आला होता पण आता चिल" हे तुला दिलासा देणारं वाटतं, त्यांच्यासाठी ते अर्धवट उघडं दार आहे. मध्ये म्हणजे कधी, किती दिवस, डॉक्टरकडे गेलीस का अंगावर काढलंस, जवळ कोण होतं, आणि खरंच बरी आहेस का आम्हाला वाईट वाटू नये म्हणून म्हणतेयस? लांब राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना आजारपणाची बातमी झेपते, त्यांनी आयुष्यात पुष्कळ आजारपणं बघितलेली असतात. त्यांना झेपत नाही ती अर्धी बातमी, कारण उरलेली अर्धी ते स्वतः भरतात आणि नेहमी वाईटच भरतात. त्यामुळे दोनच मार्ग आहेत, एकतर आजारपण लिहूच नकोस किंवा पूर्ण लिही: सुरुवात, डॉक्टर, सोबत कोण, कधी संपलं. आणि शेवटी बरी असल्याचा असा पुरावा दे जो त्यांना डोळ्यांसमोर दिसेल. "मी एकदम फिट आहे" यावर आजी विश्वास ठेवणार नाही, "परवा दोन जिने न थांबता चढले" यावर ठेवेल. माझं मत विचारशील तर लिहीच, कारण असल्या गोष्टी कधी ना कधी दुसऱ्या कुणाच्या तोंडून त्यांच्यापर्यंत पोचतात आणि मग आपल्याला सांगितलं नाही याचं त्यांना जास्त लागतं. फक्त ते पत्राच्या सुरुवातीला नको, शेवटी तर अजिबात नको. शेवटची ओळ वाचून झाल्यावर माणूस तिच्यासोबतच राहतो. तापाचं मध्ये लिही, त्याच्यानंतर चांगलं दोन-तीन परिच्छेद येऊ दे.

घड्याळाचं उलट आहे. तिथे तू "दुरुस्त करून घेते" म्हणून विषय संपवून टाकलास, आणि तुझ्या अख्ख्या मेसेजमध्ये आजोबांना बोलण्यासारखी तेवढी एकच जागा होती. त्यांचं घड्याळ आहे, त्याला चावी कशी द्यायची, कुठे अडतं, आधी कधी बिघडलं होतं हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नाही. तर ती बातमी प्रश्न म्हणून विचार. खरा प्रश्न हवा हां, ज्याचं उत्तर तुला खरंच लागणार आहे. "कसे आहात" याला "बरे आहोत" एवढंच उत्तर येतं आणि पत्रव्यवहार तिथेच थांबतो. "चावी किती वेळा फिरवायचात" याला आजोबा अर्धं पान लिहितील. आजीसाठीही असाच एक शोध, ती मागे फोनवर काय बोलली होती ते आठव आणि तिथून धागा पकड, म्हणजे आपण बोललेलं नातीच्या लक्षात राहिलंय हे तिला वेगळं सांगावं लागणार नाही. प्रश्न दोन-तीनच ठेव, जास्त झाले की उत्तर लिहायचं ओझं होतं.

यायचं बघतेय, फिक्स नाही, हे असंच्या असं कागदावर गेलं तर काय होईल सांगते. ते "यायचं बघतेय" एवढंच वाचतील, पुढचं नाही. गाद्या उन्हात टाकल्या जातील, शेजारी सांगून होईल. ते लिहू नकोस असं नाही म्हणत, पण अनिश्चित गोष्ट लिहिताना तिला एक निश्चित तारीख जोड: सुट्टीचं अमुक दिवशी कळेल आणि अमुक दिवशी मी फोन करेन, येणं जमलं तरी आणि नाही जमलं तरी. वाट बघायला एक दिवस मिळाला की वाट बघणं सोपं होतं. आणि तो फोन त्या दिवशी करच, उत्तर नकार असलं तरी.

तारखांचं आलंच आहे तर, कागदावर काल, उद्या, मागच्या आठवड्यात, पुढच्या महिन्यात हे शब्द टिकत नाहीत. पत्र पोचेपर्यंत तुझा "उद्या" होऊन गेलेला असतो, आणि ही माणसं पत्र एकदा वाचून ठेवून देत नाहीत, महिन्याभराने परत काढतात. वरती वार आणि तारीख ठळक लिही, आणि आत शक्य तिथे महिना नाहीतर तारीख घाल. "परवा" एखाद्या वेळी चालतं, वरच्या तारखेवरून कळतं.

आता भाषेचं. तुला भीती आहे तशी निबंधाची भाषा कधी येते माहितीये का, आपण सगळे इंग्रजी शब्द काढायला बसलो की. तसं करू नकोस. ऑफिस, फोन, डॉक्टर, हॉस्पिटल हे त्यांचेही शब्द आहेत, ते काढून तिथे कार्यालय आणि दूरध्वनी घातलंस तर आजीला वाटेल पत्र दुसऱ्याच कुणीतरी लिहून दिलं. फक्त जे शब्द तुझ्या मित्रमंडळींतच चालतात ते उघडून लिही. रूमी म्हणजे खोलीत बरोबर राहणारी मुलगी. डेडलाईन म्हणजे ठरलेल्या दिवशी काम द्यायचं असतं ते. "वाट लागलीये" याच्या मागे काय आहे ते सांग, रात्री किती वाजेपर्यंत बसावं लागतं, रोज का महिन्यातून चार दिवस, कारण त्यांच्या कानाला वाट लागली म्हणजे खरंच काहीतरी बिघडलंय. बाकी "कुणी आहे का जवळ" असं बोलतेस तर "कोणी समीप असते का" होऊ देऊ नकोस. जायचे, होते, वाटायचं, जसं बोलतेस तसंच लिही.

आणि दोघांना मिळून लिहिताना एक गंमत... नाही, गंमत नाही, खरंच महत्त्वाचं आहे. तू आजीला "तू" म्हणत असशील आणि आजोबांना "तुम्ही", बऱ्याच घरांत असंच असतं. मग सगळं पत्र "तुम्ही"त गेलं की आजीला परक्यासारखं वाटतं. सगळ्यांसाठीचं लिहिताना "तुम्ही दोघं" म्हण, आणि मध्येच आजीकडे वळून "आजी, तू" आणि आजोबांकडे वळून "आजोबा, तुम्ही" असं नाव घेऊन बोल. पत्र बहुतेक एकजण मोठ्याने वाचणार आणि दुसरा ऐकणार, अशा वेळी आपलं नाव आलं की ऐकणारा सावरून बसतो.

इमोजींचं काय करायचं? रडका चेहरा घड्याळाशेजारी होता, म्हणजे तुला वाईट वाटलं, तर ते एका साध्या वाक्यात लिही. "मिस यू सो मच" च्या जागी "तुमची फार आठवण येते" लिहिलंस तरी तेवढंच पोकळ राहील. कधी आठवण आली ते लिही. एक प्रसंग, दोन ओळी, बास.

हे सगळं करून तुझ्या मेसेजचं पत्र मी असं केलंय. मधल्या रिकाम्या जागा मी माझ्या मनाने भरल्यात, तिथे तुझं खरं घाल, मी लिहिलेलं चांगलं वाटलं म्हणून तसंच ठेवू नकोस, पहिल्याच फोनवर आजी त्याबद्दल विचारेल.

रविवार, 8 जून

ती. आजोबा आणि आजी, साष्टांग नमस्कार.

दुपारचे तीन वाजलेत, आज सुट्टी आहे आणि मी नव्या खोलीत खिडकीशी बसून हे लिहितेय. दोन महिने मी तुम्हाला नीट काहीच कळवलं नाही. रोज रात्री वाटायचं आज लिहू, आणि तशीच झोपून जायचे.

आधी खोलीचं सांगते. जुनी खोली चांगली होती पण ऑफिसपासून फार लांब, जाण्यायेण्यात रोज तीन तास जायचे. म्हणून मे महिन्याच्या सुरुवातीला इथे राहायला आले. आता वीस मिनिटं चालत ऑफिसला पोचते, रस्ता वर्दळीचा आहे, रात्रीही दिवे असतात. खोली दुसऱ्या मजल्यावर आहे. लहान आहे, पण पूर्वेला मोठी खिडकी आहे आणि सकाळी ऊन थेट माझ्या तोंडावर येतं. आजी, आता मला उठवायला तुला हाका माराव्या लागणार नाहीत.

माझ्याबरोबर (मैत्रिणीचं नाव) राहते. माझ्याच वयाची आहे, हॉस्पिटलमध्ये नर्स आहे. बोलते कमी, पण रात्रपाळी करून आली तरी माझी झोप मोडू नये म्हणून दिवा न लावता आवरते. मला ती पहिल्या आठवड्यातच आवडली.

मे महिन्यात, 20 तारखेच्या सुमाराला, मला ताप आला होता. दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे गेले, तीच बरोबर आली होती. ते म्हणाले साथीचा ताप आहे, औषध दिलं, विश्रांती घ्यायला सांगितली. चौथ्या दिवशी ताप गेला. पुढे आठवडाभर थकवा होता, आता तोही नाही. परवा दोन्ही जिने न थांबता चढले. तेव्हा कळवलं नाही कारण तुम्ही लांबून काळजी करत बसला असता, आता पूर्ण बरी झाले म्हणून सांगतेय.

ऑफिसचं काम मला जमायला लागलंय. महिन्याच्या शेवटी सगळा हिशोब ठरलेल्या दिवशी द्यायचा असतो, तेव्हा चार-पाच दिवस घरी यायला उशीर होतो. बाकीचे दिवस सातपर्यंत खोलीवर असते. मे महिन्याच्या हिशोबात साहेबांना पहिल्यांदाच एकही चूक सापडली नाही. आजोबा, तुम्हाला हे सांगायचंच होतं.

आणि तुमच्या घड्याळाबद्दल सल्ला हवाय. ते बंद पडलंय. पडलं नाही, भिजलं नाही, मंगळवारी सकाळी बघितलं तर सव्वाचारला थांबलेलं होतं. मला फार वाईट वाटलं. मी रोज सकाळी चावी देते, हाताला घट्ट लागलं की थांबते. तुम्ही किती वेळा फिरवायचात? याआधी ते कधी उघडून साफ केलं होतं का? तुमचं उत्तर येईपर्यंत मी ते दुरुस्तीला देणार नाही, कपाटात नीट ठेवलंय.

जुलैत चार दिवस तुमच्याकडे यायचं मनात आहे. सुट्टी मागितलीये, मिळेल की नाही ते 20 जूनला कळेल. रविवारी, 22 तारखेला, संध्याकाळी मी फोन करते आणि जे असेल ते सांगते. तोपर्यंत काही तयारी करू नका.

आजी, तू मागे म्हणालीस जिना उतरताना गुडघा दुखतो, चढताना नाही. अजून तसंच आहे का? आणि दुपारी तुझ्याशी गप्पा मारायला कोण कोण येतं सध्या?

परवा ऑफिसात कुणीतरी मागे घसा साफ केला, अगदी आजोबांसारखा, आणि मी हातातलं काम सोडून वळून बघितलं. मग थोडा वेळ काम सुचलं नाही. म्हणून आज लिहायला बसले.

तुमची,
(नाव)

बघ, यात एकही जड शब्द नाही आणि बातम्याही तुझ्याच आहेत, फक्त प्रत्येक बातमी तिच्या शेवटापर्यंत नेलीये. सॉरीचं मी एकाच जागी दोन वाक्यांत आवरलं, कारण माफी लांबली की पत्राचा अर्धा भाग त्यातच जातो आणि मग त्यांनाच तुझी समजूत काढावीशी वाटते. "टेक केअर" काढून टाकलं, गुडघ्याचा प्रश्न आहे तिथे काळजी आलीच.

लिहून झालं की मोठ्याने वाचून बघ, मनात नको, खरंच आवाज काढून. जिथे तुझा श्वास मध्येच तुटेल तिथे वाक्य मोड, कारण आजोबा आजीला वाचून दाखवताना तिथेच अडखळतील. आणि वाचताना जे वाक्य तोंडात परकं वाटेल ते खोड, ते बहुतेक तू कुठल्यातरी नमुन्याच्या पत्रातून उचललेलं असेल. मी वरती दिलेल्यातलंही असू शकतं.

आता वाचता येण्याचं, कारण तू मोतीबिंदूचं लिहिलंयस आणि इथे मजकूर कितीही चांगला झाला तरी दिसलाच नाही तर उपयोग नाही. वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळसर आणि गढूळ होत जातं, मोतीबिंदूत ते आणखी धूसर होतं, त्यामुळे कागद आणि शाई यांच्यातला फरक त्यांना आपल्यापेक्षा बराच कमी दिसतो, आणि चकाकी जास्त त्रास देते. म्हणून फिकी निळी शाई नको, बारीक टोकाचं पेन नको, पेन्सिल तर नकोच. काळी शाई, जरा जाड टोक. कागद गुळगुळीत चकचकीत नको, साधा, पांढरा किंवा किंचित पिवळसर, आणि मागचं पुढे दिसणार नाही इतका जाड. एकाच बाजूला लिही, दोन कागद जास्त लागले तर लागू दे. नक्षीचे, फुलांचे लेटरपॅड दिसायला छान असतात पण अक्षरांच्या मागे चित्र आलं की त्यांना अक्षर सोडवून घ्यावं लागतं.

आपल्या लिपीत आणखी एक भानगड आहे, वेलांट्या, मात्रा, अनुस्वार वरती आणि उकार खाली. ओळी जवळ आल्या की वरच्या ओळीतला उकार खालच्या वेलांटीत जाऊन बसतो आणि मग "आली" का "आला" हे अंदाजाने ठरवावं लागतं. म्हणून रेघांच्या वहीच्या कागदावर लिहिणार असशील तर एक रेघ सोडून लिही. दोन शब्दांमध्ये अंतर नेहमीपेक्षा जास्त ठेव, आणि शिरोरेषा शब्द संपला की तोडच, घाईत आपण ती पुढच्या शब्दात ओढतो. घ आणि ध, भ आणि म, थ आणि य हे नीट वेगळे दिसतायत ना ते परत एकदा बघून घे.

तुझं अक्षर तुलाच वाचवत नसेल तर टाइप करून प्रिंट काढ, त्यात काहीही कमीपणा नाही. अक्षराचा आकार निदान 16, जमलं तर 18 पॉइंट ठेव, साधा सरळ फॉन्ट घे, तिरकं किंवा कलात्मक काही नको, दोन ओळींतलं अंतर दीडपट, उजवीकडची कड सरळ करायला जाऊ नकोस कारण त्याने शब्दांमधल्या जागा कमी-जास्त होतात आणि नजर हुकते. परिच्छेद लहान, मध्ये एक ओळ मोकळी. मग वरचा नमस्कार, शेवटचे दोन परिच्छेद आणि सही हाताने, मोठ्या अक्षरात लिही. सगळं छापील आलं तर ते दुसऱ्या कुठल्या कागदांत हरवून जातं, आणि तुझं अक्षर बघणं हाही त्यांच्यासाठी पत्राचाच भाग आहे.

तपासायची सोपी पद्धत सांगते. संध्याकाळी खोलीतल्या साध्या दिव्यात, टेबल लॅम्प न लावता, कागद हात लांब करून धर आणि डोळे जरा बारीक कर. ओळी एकमेकींत मिसळून करडा पट्टा दिसायला लागला तर अक्षर लहान आहे किंवा शाई फिकी आहे. तसं असेल तर तो कागद बाजूला ठेवून परत लिही, दुसऱ्यांदा लिहिताना वाक्यंही सुधारतात.

प्रत्येक पानावर वरती मोठा आकडा घाल, 1, 2, 3, पानं गळून पडली तर क्रम लावता आला पाहिजे. घडी घालताना ती ओळीच्या मधोमध येऊ देऊ नकोस, दोन ओळींच्या मधल्या मोकळ्या जागेत घाल, घडीवर शाई उडते आणि नेमकं तेच वाक्य वाचता येत नाही. खोलीचा एखादा फोटो पाठवणार असशील तर मोठा छाप, आणि मागे फोटोत काय आहे, कोण कुठे उभं आहे ते लिहून ठेव. पेन फोटोवर दाबू नकोस, पुढून उमटतं, वेगळ्या चिठ्ठीवर लिहून मागे चिकटवलंस तर आणखी बरं.

पाकिटात अजून एक पाकीट घालायचं, त्यावर तुझा नवीन पत्ता स्वच्छ अक्षरात आणि तिकीट लावलेलं, सोबत दोन-तीन रेघांचे कोरे कागद. पत्ता बदललाय तुझा, तो त्यांना फोनवर उतरवून घेणं अवघड जातं, आणि तिकिटासाठी कुणालातरी पिटाळावं लागलं की उत्तर आठ-आठ दिवस राहून जातं. आजोबांना लिहिताना डोळ्याला त्रास होणार असेल तर त्यांनी सांगायचं आणि आजीने लिहायचं असंही पत्रात सुचवू शकतेस, पण त्यांना आवडेल असं वाटत असेल तरच.

लांबी किती, हे तू विचारलं नाहीस पण पुढचा प्रश्न तोच असेल. वरच्या पत्राची मोठ्या अक्षरात चारेक पानं होतील, तेवढं पुष्कळ आहे. त्याहून जास्त सांगायचं असलं तर दोन पत्रं कर. आणि त्यांचं उत्तर आलं की पुढच्या पत्रात तुझ्या बातम्या नंतर, आधी त्यांनी विचारलेल्याची उत्तरं आणि घड्याळाचं काय झालं ते लिही.